डावं बटण

आमच्या वहिनीच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अडकायला लागलं, तेव्हा आईसकट घरातल्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. गेम बंद. आमच्याकडे एरवी पंखा कितीवर ठेवायचा यावरही एकमत होत नाही, त्यामुळे मला ते जरा नवलाचंच वाटलं. पण मीही मान डोलावली. दिवसभर कुरियर कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसून लोकांच्या हरवलेल्या पार्सलांची बोलणी खाल्ली की संध्याकाळी माणूस कशालाही मान डोलावतो.

अडकणं म्हणजे काय, तर बोट वाकवलं की ते वाकलेलंच राहायचं. दुसऱ्या हाताने धरून सरळ करावं लागायचं आणि मग ते खटकन सुटायचं. आवाज मला शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बोटाची दोरी सुजली आहे आणि ज्या नळीतून ती सरकते त्या नळीत अडकते आहे. बोटाला विश्रांती द्या, जमेल तेव्हा पट्टी लावा, नाहीच सुधारलं तर इंजेक्शनचं बघू. मग त्यांनी विचारलं, "या बोटाची एकच हालचाल सारखी कशात होते?"

वहिनी तोंड उघडते तोवर दादाने उत्तर दिलं. "गेम, डॉक्टर. माउसचं बटण. सुट्टीच्या दिवशी तर विचारूच नका."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो. बिघाड दिसला की कारण सापडल्याशिवाय त्याला जेवण जात नाही, आणि एकदा कारण सापडलं की दुसरं काही त्याच्या कानात शिरत नाही. माणूस वाईट नाही. बायकोचं बोट दुखतंय हे बघून तो खरोखर हवालदिल झाला होता.

वहिनी एका मोठ्या दुकानात बिलिंगला आहे. दिवसभर उभं राहायचं, हातातल्या स्कॅनरने एकेक वस्तू टिपायची, "पिशवी हवी का?" विचारायचं आणि माणसाने फोनवर बोलत बोलत मान हलवली तरी हसायचं. घरी आली की पंधरा मिनिटं ती पाय भिंतीला लावून पडते. मग चहा होतो, आणि मग ती कॉम्प्युटरसमोर बसते. तिच्या दिवसात ती स्वतः होऊन करते अशी ही एकच गोष्ट. बाकी सगळं तिच्यावर येऊन पडतं.

त्या दिवशी डॉक्टरांकडून आल्यावर ती तडक स्वयंपाकाला लागली. रात्रीची भांडी झाल्यावर माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजावं, काम काढलंय. "मला क्विक कास्ट शिकव."

"दादाने गेम बंद सांगितलंय."

"डॉक्टरांनी बोट बंद सांगितलंय. गेम नाही."

मी तिला आत घेऊन दार लोटलं.

आमचा गेम पाच विरुद्ध पाच असा, समोरच्यांची गढी पाडली की डाव जिंकला. प्रत्येकाचा एक योद्धा, प्रत्येक योद्ध्याच्या चार करामती, आणि त्या कीबोर्डवरच्या क्यू, डब्ल्यू, ई आणि आर या चार बटणांवर. चालणं आणि साधे वार माउसच्या उजव्या बटणाने. आम्ही पाच जण म्हणजे मी, वहिनी, शिकवणीचे गणिताचे मास्तर आणि छापखान्यात काम करणारे दोन मित्र, ज्यांना आम्ही दोघांनाही छापील म्हणतो. मी कप्तान, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. वहिनी आघाडीला. तिचा योद्धा म्हणजे दगडी खांद्यांचा एक पहारेकरी, आणि त्याची आर ही करामत म्हणजे जमिनीतून उठणारं दगडांचं रिंगण. त्यात जेवढे शत्रू सापडले तेवढे काही क्षण जागेवर अडकले. बाकीच्या चौघांनी तेवढ्यात तुटून पडायचं. रिंगण एकदा टाकलं की परत टाकता यायला फार वेळ लागतो, म्हणून ते वाया गेलं की आमची लढाई संपली.

वहिनी पहिल्यापासून नॉर्मल कास्टवर खेळायची. नॉर्मल कास्टमध्ये आर दाबलं की रिंगण पडत नाही, फक्त त्याची खूण दिसते. कुठवर पोचेल, किती जागा घेईल, ते जमिनीवर उमटतं. माउस हलवला की खूण हलते. पसंत पडलं की डावं बटण दाबायचं, मग रिंगण पडतं. नाही पसंत पडलं तर उजवं बटण, की काहीच झालं नाही असं. क्विक कास्टमध्ये ही मधली पायरीच नाही. आर दाबलं की माउसचा बाण जिथे असेल तिथे रिंगण. बघणं नाही, विचारणं नाही.

म्हणजे डाव्या बटणाचं मुख्य काम काय, तर प्रत्येक करामतीवर शिक्कामोर्तब करणं. क्विक कास्ट घेतलं की ते कामच उरत नाही, आणि डावं बटण म्हणजेच वहिनीचं पहिलं बोट. तिने हे डॉक्टरांच्या खोलीतच ओळखलं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

अडचण वेगळीच होती. आमच्या पाच जणांची सगळी लढाई वहिनीच्या एका शब्दावर चालायची. आर दाबून खूण समोर आली की ती हेडफोनमध्ये म्हणायची, "बघते." ते ऐकलं की मास्तर पुढे सरकायचे, छापील दोन्हीकडून यायचे, मी मागे बाण लावून तयार. मग ती म्हणायची, "सोडते," आणि रिंगण पडायच्या आत आम्ही उडी घेतलेली असायची. कधी कधी ती "बघते, बघते" म्हणून शेवटी "नको" म्हणायची, आणि आम्ही चुपचाप परत. दुसऱ्या कुठल्या टीममध्ये असं चालत असेल असं मला वाटत नाही. आमचं चालायचं, कारण वहिनीची नजर पक्की होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी सेटिंग लावायला बसलो. तिच्या बोटाला पट्टी, त्यामुळे ती सांगणार आणि मी क्लिक करणार. हॉटकीजच्या, म्हणजे बटणांच्या सेटिंगच्या पानावर प्रत्येक करामतीपुढे वेगळी निवड करता येते, तरी मी आळसाने खालचं एकच बटण दाबलं. सगळं क्विक कास्ट करा.

"झालं," मी म्हणाले. "जग याच्यावरच खेळतं. सवय होईल."

सरावाचा डाव सुरू केला. क्यू, डब्ल्यू, ई तिला लगेच जमलं. मग शत्रूचे तिघे दिसले, बरेच लांब. वहिनीने सवयीने अंतर बघायला आर दाबलं आणि म्हणाली, "बघते."

माउसचा बाण रिंगणाच्या टप्प्याबाहेर होता. अशा वेळी क्विक कास्टमधला योद्धा काय करतो, तर हुकूम मिळाला म्हणून टप्प्यात येईपर्यंत स्वतःच चालत सुटतो. पहारेकरी निघाला. एकटा, छाती काढून, तिघांच्या मधोमध. लग्नाच्या बोलणीला निघाल्यासारखा.

"अगं, थांब की," वहिनी पडद्याला म्हणाली.

तो थांबला नाही. तिथे पोचला, रिंगण टाकलं आणि मेला. मला इतकं हसू आलं की मी खुर्चीवरून उठले. वहिनी हसली नाही. ती काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"मला बघितल्याशिवाय नाही येत गं," ती म्हणाली. "मला पटकन नाही सुचत. मी आधी बघते, मग मला कळतं."

मी दिवसभराची थकलेली होते आणि मला झोप हवी होती. पण मी परत बसले. हॉटकीजचं पान उघडलं आणि या वेळी एकेक ओळ वाचली. तिथे तिसरी निवड होती, जिच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. खुणेसकट क्विक कास्ट. बटण दाबून धरलं की खूण दिसते, बोट उचललं की करामत सुटते. आणि नको असेल तर बटण धरलेलं असतानाच माउसचं उजवं बटण दाबायचं, मग बोट उचललं तरी काही होत नाही. डाव्या बटणाची गरज नाही.

"म्हणजे धरलं तर बघायचं आणि उचललं तर सुटलं," वहिनी हळूच म्हणाली.

"हो."

"मग आर असं कर. बाकीचे तीन साधे क्विक राहू देत, ते जवळचेच आहेत. त्यांना काय बघायचंय."

आम्ही तसं केलं. ऐकायला सोपं आहे, पण हाताच्या सवयी हट्टी असतात. पूर्वी ती आर दाबून लगेच बोट उचलायची आणि निवांत खूण फिरवत बसायची. आता बोट उचललं की रिंगण गेलं. पहिले काही दिवस नुसती उधळपट्टी चालली होती. "बघते" म्हणायची आणि "बघ" म्हणेपर्यंत दगड उभे. पण त्याच सुमारास दुकान रंगकामासाठी आठवडाभर बंद होतं, तर ती जेवणाचा वेळ सोडून सरावालाच बसली. धर, बघ, उजवं बटण, उचल. धर, बघ, उचल. गेममधल्या दुकानातली खरेदीही ती उजव्या बटणाने करायला शिकली, आणि नकाशावर टिचक्या मारण्याऐवजी कीबोर्डवरून आमच्याकडे नजर वळवायला. आठवड्याच्या शेवटी तिने मला सलग तीन वेळा रिंगणात पकडलं आणि शांतपणे म्हणाली, "चहा टाक."

हे सगळं दादा दारातून बघत होता. तो आमच्या टीमचा राखीव खेळाडू. कोणी आजारी पडलं तर बसायचं म्हणून आम्ही त्याचं नाव घातलेलं. तोही पहारेकरी बऱ्यापैकी खेळतो, अगदी सपासप, सगळं क्विक कास्टवर. आम्ही नाव दिलेल्या लीगची पहिली लढत जवळ आली तसा तो एकदा स्वयंपाकघरात माझ्याजवळ आला.

"हिला या वेळी बसवू नकोस," तो म्हणाला. "मी खेळतो. हा मोसम मी काढतो."

"तिने केवढी तयारी केलीय, दादा."

"म्हणूनच सांगतोय. कामावरून येते तर चपातीसुद्धा नीट लाटता येत नाही. तू कप्तान आहेस, तू सांगितलंस तर ऐकेल. मी सांगितलं की तोंड फिरवते."

नियम असा की पहिली लढत संपताना खुर्चीवर जे पाच असतील तेच मोसमभर. म्हणजे वहिनी त्या दिवशी खुर्चीवरून उठली की पुढच्या वर्षापर्यंत उठलीच. मी दादाला म्हटलं, बघू. कप्तान माणसाला दुसरं काय म्हणता येतं?

लढत सुट्टीच्या दिवशी दुपारी, बाजारामागच्या गेमिंग कॅफेत. पायऱ्या उतरून खाली जायचं, आत एसी इतका की मास्तर मफलर घेऊन येतात. दहा कॉम्प्युटर, पाच-पाच समोरासमोर, मध्ये प्लायवूडची भिंत. समोरची टीम कॉलेजातली. एकाच्याही डोळ्याखाली काळं नव्हतं. तीन डाव, दोन जिंकेल तो पुढे. वहिनीने आपल्या नावाने लॉगिन केलं. सेटिंग खात्यासोबत येतं, त्यामुळे घरचंच सगळं इथे लागणार, म्हणून आम्ही कोणी पान उघडून बघितलं नाही. दादा तिच्या खुर्चीमागे पाण्याची बाटली घेऊन उभा.

पहिला डाव बरा चालला होता. क्यू, डब्ल्यू, ई सगळं सुरळीत. आर हे योद्धा सहाव्या पातळीला पोचल्यावरच हाती येतं, तोवर कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. मग नदीपाशी समोरचे चौघे एकत्र दिसले. वहिनीने आर धरलं.

"बघ..."

शब्द पुरा व्हायच्या आत रिंगण पडलं. नदीच्या कडेला, रिकाम्या गवतात, एक माणूस जेमतेम सापडला. मास्तर अजून मागे, छापील दोघेही लांब, मी तर गेममधल्या दुकानात. चौघांनी वहिनीला घेरलं आणि तिथून डाव उतरणीलाच लागला. मेल्यावर परत उठायची वाट बघताना तिने एस्केप दाबून सेटिंगचं पान उघडलं. मी मान वाकडी करून बघितलं. चारही करामतींपुढे एकच खूण. साधं क्विक कास्ट.

"मी हे असं ठेवलं नव्हतं," ती म्हणाली.

मागून दादाचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. "मी केलं. काल. तुझ्या नावाने एक डाव खेळून बघितला. ते धरून ठेवायचं मला नको वाटलं. खाली एक बटण आहे ना, सगळं क्विक करा, ते दाबलं. म्हटलं हातालाही बरं, सारखं धरून बसायला नको."

"मला सांगायचंस."

"विसरलो गं."

वहिनीने मान वळवली आणि माउस माझ्याकडे सरकवला. गेम काही आपल्यासाठी थांबत नाही, तिच्या योद्ध्याला उठायला थोडाच वेळ होता. मी हात लांब करून आरपुढची निवड बदलली आणि पान बंद केलं. पण तोवर आमच्या गढीचे दोन बुरूज गेले होते. तो डाव आम्ही हरलो.

मधल्या सुट्टीत दादा मला बाजूला घेऊन गेला. कॅफेवाला तिथे मशीनवर कॉफी गाळत होता.

"आता मला बसव," दादा म्हणाला. "चूक माझी आहे, मान्य. पण तिचं लक्ष उडालंय. तिचं तोंड बघितलंस का?"

मी बघितलं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार कंटाळा आला होता. दादाचा, बोटाचा, कॉलेजातल्या त्या ताज्या पोरांचा आणि दुसऱ्या दिवशीच्या तक्रार खिडकीचा. दादाला बसवलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. तो खेळला असता, आम्ही हरलो असतो किंवा जिंकलो असतो, आणि घरी शांतता राहिली असती. मी वळून बघितलं. वहिनी एकटीच सरावाच्या डावात बसली होती आणि आर धरत होती. धर, बघ, उजवं बटण. धर, बघ, उजवं बटण. ती एकदाही सोडत नव्हती. फक्त तपासत होती की आता ते तिचं ऐकतंय.

"खुर्ची तिचीच," मी दादाला म्हटलं. "आणि तू मागे उभा राहू नकोस. बाजूच्या बाकावर बस."

तो बसला. मला वाटलं होतं भांडेल, पण तो नुसता बाटली मांडीवर घेऊन बसला.

दुसरा डाव लांबला. दोन्हीकडचे जपून खेळत होते. शेवटी त्यांच्यातले तिघे आमच्या बुरुजासमोर उभे राहिले, आयते, एकमेकांना चिकटून. वहिनीने आर धरलं.

"बघते."

आम्ही सगळे सरसावलो. मास्तर जवळजवळ ओरडले, "सोडा, वहिनी." छापील म्हणाले सोडा. मीही म्हणाले, "सोड."

"बघते," ती परत म्हणाली. मग तिच्या माउसच्या उजव्या बटणाचा आवाज आला. "नको. मागे या."

मास्तर चरफडले. मी पण चरफडले, पण मागे गेले. आणि तेवढ्यात डाव्या झाडीतून त्यांचे राहिलेले दोघे धावत बाहेर पडले, जिथे आम्ही उडी मारली असती बरोबर त्या जागी, आणि रिकाम्या जमिनीवर आपल्या करामती उधळून बसले. आता पाचही जण समोर, हात रिकामे. वहिनीने आर पुन्हा धरलं. यावेळी तिला "बघते" म्हणायला वेळ लागला नाही आणि "सोडते" म्हणायलाही. चार जण रिंगणात. पुढचं सगळं आम्ही केलं.

डाव जिंकल्यावर आमच्याकडे कोणी फारसं ओरडलं नाही. मास्तरांनी मफलर सोडून परत गुंडाळला. धाकटा छापील टेबलावर डोकं टेकून पडला. वहिनीने हेडफोन काढला आणि दादाकडे हात केला, पाण्यासाठी. त्याने बाटली दिली. तिने झाकण धरून पिळलं आणि बोट तिथेच अडकलं, झाकणावर, आकड्यासारखं वाकून.

दादा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याने बोट धरलं आणि हलकेच सरळ केलं. खटकन आवाज आला. तिने डोळे मिटले.

"बघ," तो म्हणाला. "बघ, काय केलंस हाताचं. आता पुरे. मी हात जोडतो, आता हा गेम पुरे."

वहिनीने डोळे उघडले. ती चिडली नव्हती. ती इतकी दमलेली होती की चिडायलाही तिच्यात काही उरलं नसावं.

"आज दोन डाव झाले," ती म्हणाली. "खेळताना मी डावं बटण एकदाही दाबलेलं नाही. सेटिंगसुद्धा हिने बदललं. विचार हिला."

मी मान हलवली.

"सेटिंग बदललं त्या दिवसापासून खेळताना मी ते बटण दाबलेलं नाही. दुकान बंद होतं त्या आठवड्यात दिवसभर खेळत होते, आठवतंय? तेव्हा बोट एकदाही अडकलं नाही. तूच म्हणालास, पट्टीने फरक पडतोय. दुकान उघडलं त्याच संध्याकाळी परत अडकलं." तिने ते बोट समोर धरलं आणि हवेतच वाकवलं, काहीतरी धरून दाबल्यासारखं. "स्कॅनरला घोडा असतो. बंदुकीसारखा. प्रत्येक वस्तूला एकदा. मी डॉक्टरांना सांगणारच होते."

दादा तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. बिघाडाचं कारण सापडलं की त्याचा चेहरा उजळतो, ते मी लहानपणापासून बघत आले आहे. आज तो उजळला नाही.

"मग..." तो म्हणाला.

आम्ही थांबलो. पुढे काय यायला हवं होतं ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. गेमच्या वेळी 'बंद कर' हे वाक्य आमच्या तोंडून किती चटकन निघालं होतं. दादाच्या, आईच्या, माझ्याही. दादाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला घराचं भाडं आठवलं, दादाच्या साइटवरची बुडणारी कामं, माझी कुरियर कंपनी. मी हेडफोनची वायर सोडवायला लागले.

दादाने तोंड मिटलं. तिचं बोट त्याने दोन्ही हातांत धरून ठेवलं आणि अंगठ्याने चोळत राहिला, जोरात नाही, हळूहळू. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला त्याच्याकडे रिकामा हात नव्हता.

"अरे, उठ," वहिनी म्हणाली. "सगळे बघतायत."

प्लायवूडच्या पलीकडून कोणीतरी विचारलं, तयार का? कॅफेवाल्याने तिसरा डाव पुकारला. वहिनीने आपला हात सोडवून घेतला, हेडफोन चढवला आणि माउस माझ्याकडे सरकवला, सेटिंग एकदा बघून घ्यायला. मी पान उघडलं. तिने ठेवलं होतं तसंच होतं सगळं.

"उद्या सकाळची पाळी आहे," ती मला म्हणाली. "लवकर आटपू या."

तिने माउस परत घेतला आणि डाव सुरू झाला.